काट्यांच्या वीज मीटरचा फोटो वाचायचा कसा: उजवीकडून सुरुवात, मग युनिटचा हिशोब

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या ओळखीच्यांकडून मला दर महिन्याला दोन-तीन तरी फोटो येतात, राखाडी काचेचं गोल मीटर, आत एका ओळीत पाच छोटी घड्याळं, आणि खाली प्रश्न, "हे नक्की किती झालं?" आता बहुतेक ठिकाणी डिजिटल मीटर आलेत हे खरं, पण ज्यांनी स्मार्ट मीटर घ्यायला नकार दिलाय त्यांच्याकडे, जुन्या घरांत, आणि मुख्य म्हणजे जिथे घरमालकाने बेसमेंटच्या भाडेकरूसाठी वेगळा सब-मीटर लावलाय तिथे हे काट्यांचे मीटर अजून चालू आहेत. आपल्याकडे गावी जे जुने चकतीवाले मीटर होते त्यात आकड्यांची चाकं फिरायची, म्हणजे सरळ डावीकडून आकडा वाचला, शेवटचा लाल आकडा सोडला, झालं काम. त्याच सवयीने लोक हे काट्यांचं मीटरही डावीकडून वाचायला घेतात आणि हमखास चुकतात.

चूक काटे दिसत नाहीत म्हणून होत नाही, काटे स्वच्छ दिसतात. चूक होते कारण प्रत्येक काटा एकटा वाचला जातो, आणि या मीटरमध्ये एकटा काटा काही सांगतच नाही, तो कुठे आहे हे त्याच्या उजवीकडच्या शेजाऱ्याला विचारून ठरवायचं असतं. खाली जे पाच टप्पे दिलेत ते याच क्रमाने करा, मधला गाळू नका.

## १. फोटो काढायच्या आधी: हे मीटर आपलंच आहे ना

अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये सहा-आठ मीटर ओळीने असतात आणि त्यावर खडूने लिहिलेले फ्लॅट नंबर कधीकाळचे असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. बिलावर मीटर नंबर छापलेला असतो, तोच नंबर मीटरच्या पुढच्या पट्टीवर असतो, तो अंकन्‌अंक जुळवा. सब-मीटर असेल आणि बिलच नसेल तर घरमालकाला सोबत घेऊन एकदा खात्री करा: आपल्या खोल्यांचा मेन ब्रेकर बंद केला की काट्यांच्या खाली जी आडवी ॲल्युमिनियमची चकती फिरत असते ती थांबली पाहिजे. चकतीच्या कडेवर एक काळी खूण असते, तिच्यावर नजर ठेवली की थांबली का नाही ते लगेच कळतं. ब्रेकर पाडायच्या आधी कॉम्प्युटर बंद करा, आणि थंडीत हीटिंग त्याच ब्रेकरवर असेल तर दोन मिनिटांत परत चालू करा.

दुसरं, शेजारी गॅसचं मीटर असतं आणि त्यालाही अशीच काट्यांची घड्याळं असतात. मागे एकाने चार महिने गॅस मीटरचे फोटो पाठवले होते आणि आम्ही दोघंही डोकं खाजवत बसलो होतो. विजेच्या मीटरवर किलोवॉट-अवर असं लिहिलेलं असतं, गॅसच्या मीटरवर घनफूट. एक किलोवॉट-अवर म्हणजे आपला एक युनिट, त्यात काही रूपांतर करायचं नाही.

सावध: काच किंवा सील याला हात लावायचा नाही. काच धुळकट असेल तर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, बस. सील तुटलेलं दिसलं तर आधी त्याचा फोटो काढून वीज कंपनीला किंवा घरमालकाला कळवा, वाचन नंतर.

## २. फोटो: काट्यासमोर, बाजूने नाही

हे काटे डायलच्या पत्र्याला चिकटलेले नसतात, पत्र्यापासून थोडे वर असतात. म्हणून मोबाइल तिरका धरला तर काटा खऱ्या जागेपासून सरकलेला दिसतो, आणि काटा आधीच आकड्याच्या जवळ असेल तर तेवढं सरकणं पुरतं, ८ चा ९ होतो. मीटर छातीच्या उंचीवर असेल तर वाका, डोक्याच्या वर असेल तर स्टूल घ्या, पण कॅमेऱ्याची लेन्स मधल्या डायलच्या बरोबर समोर आणा.

अगदी जवळ जाऊ नका. जवळून वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत कडेचे दोन डायल तिरके येतात, आणि त्यातला एक डायल दहा हजारांचा असतो. दोन-तीन फूट मागे उभं राहा आणि झूम करा. फ्लॅश काचेवर पांढरा डाग पाडतो, तो नेमका काट्याच्या टोकावर येतो असा माझा अनुभव आहे, म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि दुसऱ्या कोणाला बाजूने टॉर्च धरायला सांगा. तीन फोटो काढा: एक समोरून सगळ्या डायलचा, एक त्याहून जवळचा, आणि एक ज्यात मीटर नंबर वाचता येतो.

मीटर भिंतीच्या आणि बॉयलरच्या मध्ये अडकलेलं असेल तर लोक हात आत घालून सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढतात. ते करू नका. बऱ्याच फोनमध्ये सेल्फीचा फोटो आरशासारखा उलटा सेव्ह होतो, मग डायलची दिशाही उलटी आणि डायलचा क्रमही उलटा, एककाचा डायल डावीकडे. आकडे उलटे दिसत असतील तर फोटो एडिट करून आडवा फ्लिप करा आणि मगच वाचा.

तपासा: प्रत्येक डायलवर ० वरती आहे का? फोटो आडवा किंवा उलटा पडला असेल तर ६ आणि ९ मध्ये गल्लत होते. ० वर येईपर्यंत फोटो फिरवा.

आणि एक, फोटो व्हॉट्सॲपवरून आला की तो काढल्याची मूळ तारीख-वेळ सहसा फोटोसोबत येत नाही. मूळ फोटो फोनमध्ये ठेवा, आणि पाठवताना मेसेजमध्ये तारीख आणि वेळ लिहा. पुढे वाद झाला तर हाच कागद.

## ३. वाचायच्या आधी दोन मिनिटं डायलकडे बघा

घाईने आकडे लिहायला घेऊ नका. आधी तीन गोष्टी बघून घ्या.

डायल किती आहेत? अमेरिकेतल्या घरगुती मीटरला बहुतेक पाच असतात, काही जुन्यांना चार. सगळ्यात उजवीकडचा एककाचा, त्याच्या डावीकडे दशक, मग शतक, हजार, दहा हजार, आपण शाळेत शिकलो तोच क्रम. एककाच्या काट्याने एक पूर्ण फेरी मारली की दहा युनिट झाले आणि दशकाचा काटा एक घर पुढे गेला.

काटा कुठल्या दिशेने फिरतो? इथेच बरेच जण घसरतात. शेजारशेजारचे काटे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, कारण आतली दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि एक चाक उजवीकडे फिरलं की त्यात अडकलेलं डावीकडेच फिरणार. पाच डायलच्या अमेरिकन मीटरवर सहसा एककाचा काटा घड्याळाच्या दिशेने, दशकाचा उलट, शतकाचा परत घड्याळाच्या दिशेने, असं एकाआड एक. पण पाठांतर करू नका, डायलवर बघा: ० पासून १ कुठल्या बाजूला आहे? उजव्या बाजूला असेल तर काटा घड्याळासारखा फिरतो, डाव्या बाजूला असेल तर उलटा. एवढं बघितलं की चूक होत नाही.

तिसरं, मीटरच्या तोंडावर कुठे "दहाने गुणा" अशा अर्थाचं काही इंग्रजीत लिहिलंय का? घरगुती मीटरवर बहुधा नसतं, पण असेल तर कागदावर आत्ताच लिहून ठेवा, शेवटी लागेल.

## ४. उजवीकडून डावीकडे: खरं वाचन

भिंतीवरचं घड्याळ डोळ्यासमोर आणा. पावणेसहा वाजलेत. तास काटा सहाच्या अगदी जवळ गेलाय, पण आकड्यात लिहिताना आपण ५:४५ लिहितो, ६:४५ नाही. का? कारण मिनिट काटा ९ वर आहे, बारा ओलांडून गेलेला नाही, म्हणजे पाचचा तास अजून चालूच आहे. तास काट्याकडे एकट्याकडे बघून कोणी वेळ सांगत नाही. वीज मीटरचं अगदी हेच आहे, फक्त इथे दोनऐवजी पाच काटे आहेत आणि प्रत्येकाचा मिनिट काटा म्हणजे त्याच्या उजवीकडचा काटा.

म्हणून सुरुवात उजवीकडून, कारण एककाच्या काट्याला विचारायला उजवीकडे कोणी नाही, तो एकटा वाचता येतो. कागदावरही उजवीकडूनच लिहित या, म्हणजे शेवटी आकडा आपोआप सरळ मिळतो.

नियम असे.

काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा घ्यायचा, म्हणजे जो आकडा काट्याने ओलांडलाय तो. ७ आणि ८ च्या मध्ये असेल तर ७, मग ८ ला टेकायला आला असेल तरी ७.

काटा ९ आणि ० च्या मध्ये असेल तर ९. इथे ० म्हणजे दहा समजायचं. "लहान आकडा घ्या" एवढंच डोक्यात ठेवून लोक इथे ० लिहितात.

काटा बरोबर आकड्यावर असेल किंवा आहे की नाही असं वाटत असेल, तर उजवीकडचा डायल बघा, जो तुम्ही आत्ताच वाचून लिहिलाय. त्यावर ०, १ किंवा २ असेल तर त्या काट्याने फेरी पूर्ण करून शून्य ओलांडलंय, मग आकडा आहे तो घ्या. त्यावर ७, ८ किंवा ९ असेल तर फेरी अजून पूर्ण व्हायचीय, मग आकड्यातून एक कमी करा. (० वर असेल आणि एक कमी करायचा असेल तर ९.)

आणि उजवीकडे ३ ते ६ च्या मधलं काही असेल तर? तर मग डावीकडचा काटा बरोबर आकड्यावर असायलाच नको, तो दोन आकड्यांच्या मधोमधच्या पट्ट्यात असायला हवा. असं दिसलं तर फोटो तिरका आलाय किंवा तो काटा बसवतानाच थोडा सरकलेला आहे. आधी समोरून नवीन फोटो काढा. तरी तसंच दिसलं तर उजव्या डायलवर विश्वास ठेवा आणि ती जागा लक्षात ठेवा, कारण सरकलेला काटा दर महिन्याला तेवढाच सरकलेला राहतो.

### एक फोटो पूर्ण वाचून बघू

हा फोटो ३१ तारखेचा धरा, पाच डायल. उजवीकडून जाऊ.

एकक: घड्याळाच्या दिशेने फिरणारा. काटा जवळजवळ आडवा, उजवीकडे, २ आणि ३ च्या मध्ये. लिहिलं २.

दशक: उलट दिशेचा. काटा जवळजवळ उभा आहे, पण नीट झूम केलं तर ० च्या किंचित डावीकडे झुकलाय. उलट्या डायलवर ० च्या डावीकडे १ असतो, म्हणजे काटा ० ओलांडून १ कडे निघालाय. लिहिलं ०. हाच काटा किंचित उजवीकडे झुकलेला असता तर तो ९ आणि ० च्या मध्ये असता आणि आकडा ९ झाला असता. केवढासा फरक, पण नव्वद युनिटचा.

शतक: घड्याळाच्या दिशेचा. काटा वर डावीकडे, बरोबर ९ वर बसल्यासारखा. शंका आली, म्हणून उजवीकडे बघितलं, दशकावर ० आहे, फेरी पूर्ण झालेली. म्हणून ९.

हजार: उलट दिशेचा. काटा वर उजवीकडे, ९ ला जवळजवळ टेकलेला. उजवीकडे शतकावर ९ आहे, म्हणजे ती फेरी अजून व्हायचीय. एक कमी, ८.

दहा हजार: घड्याळाच्या दिशेचा. काटा खाली तोंड करून, ५ वरच आहे असं वाटतं, फार बारकाईने बघितलं तर ५ च्या थोडा अलीकडे. उजवीकडे ८, फेरी पूर्ण नाही. एक कमी, ४.

वाचन: ४८,९०२.

आता हाच फोटो डावीकडून, प्रत्येक काटा एकटा, "ज्याच्या जवळ आहे तो आकडा" असा वाचून बघा: ५, ९, ९, ०, २, म्हणजे ५९,९०२. अकरा हजार युनिट जास्त, आणि वाचणाऱ्याचे डोळे अगदी चांगले असले तरी.

### लगेच ताळा करा

हा ताळा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. प्रत्येक काटा दोन आकड्यांच्या मधल्या अंतराचा जितका भाग चाललाय, साधारण तेवढंच त्याच्या उजवीकडचा डायल सांगत असतो. हजाराचा काटा ८ सोडून ९ च्या दिशेने दहापैकी नऊ भाग गेलाय, आणि उजवीकडे शतकावर ९ आहे, जुळलं. दहा हजाराचा काटा ४ सोडून पुढे दहापैकी जवळजवळ नऊ भाग, उजवीकडे ८ आणि वर जवळजवळ एक, जुळलं. शतकाचा काटा ९ वरून जेमतेम हललाय आणि उजवीकडे ०, जुळलं.

एखाद्या जागी जुळत नसेल, म्हणजे काटा मधोमध दिसतोय आणि उजवीकडे तुम्ही ९ लिहिलाय, तर दोन्ही डायल परत बघा. उजवीकडच्या डायलची दिशा उलटी तर धरली नाही ना, तेही तपासा.

## ५. युनिट काढा: मागचा फोटोही परत वाचा

आता वजाबाकी, आजचं वाचन वजा मागचं वाचन. पण मागचा आकडा वहीतून उचलू नका, मागचा फोटो काढा आणि वरच्याच नियमाने पुन्हा वाचा. हे सांगायचं कारण एक खरा किस्सा आहे.

आमच्या ओळखीतलं एक जोडपं बेसमेंटमध्ये भाड्याने राहतं आणि सब-मीटरचे युनिट दर महिन्याला घरमालकासोबत वाचून पैसे देतं. एका महिन्यात बिल एकदम वाढलं, पुढच्या महिन्यात एकदम कमी झालं, आणि दोन्ही बाजूंना वाटायला लागलं की समोरचा काहीतरी लपवतोय. ताईचा मला फोन आला, "दादा, आम्ही दोन्ही महिने सारखेच राहिलो हो, पाहुणे नाहीत काही नाहीत, मग असं कसं?" मी मधल्या महिन्याचा फोटो मागवला, वर वाचलेला ४८,९०२ चा फोटो त्याच्या पुढच्या महिन्याचा धरा.

त्यात एककाचा काटा ७ आणि ८ च्या मध्ये, म्हणून ७. दशकाचा जवळजवळ उभा, पण ० च्या किंचित उजवीकडे, उलट्या डायलवर म्हणजे ९ आणि ० च्या मध्ये, म्हणून ९. शतकाचा काटा बरोबर २ वर. वहीत त्यांनी २ लिहिलं होतं. पण उजवीकडे ९ आहे, शेकड्याची फेरी पूर्ण झालेली नाही, म्हणून खरा आकडा १. हजाराचा ८ च्या थोडा पुढे, ८. दहा हजाराचा ५ च्या अलीकडे, ४. खरं वाचन ४८,१९७, वहीत ४८,२९७.

```
वहीतून : ४८,९०२ − ४८,२९७ = ६०५ युनिट
फोटोतून : ४८,९०२ − ४८,१९७ = ७०५ युनिट
```

म्हणजे त्या महिन्यात शंभर युनिट कमी लावले गेले, पण त्याच्या आधीच्या महिन्यात तेच शंभर युनिट जास्त लावले गेले होते, कारण चुकीचं वाचन एकदा शेवटचा आकडा असतं आणि पुढच्या वेळी तेच सुरुवातीचा आकडा होतं. एक महिना फुगलेला आणि लगेच पुढचा महिना तेवढाच बसलेला, आणि फरक १०, १०० किंवा १००० च्या आसपास, असं दिसलं तर चोरी किंवा बिघाड शोधायच्या आधी मधला फोटो परत वाचा. दर सगळ्या युनिटना सारखा असेल तर दोन महिन्यांत पैसे जुळतात. पण जास्त वापराला जास्त दर असेल किंवा मध्येच भाडेकरू बदलला असेल तर ते आपोआप जुळत नाहीत, हिशोब दुरुस्त करावा लागतो. त्या दोघांचा आणि घरमालकाचा प्रश्न एका फोटोत मिटला, आणि ताई आता दर वेळी शतकाचा काटा मोठा करून मला दाखवते.

वजाबाकीत अजून तीन गोष्टी बघा.

आजचं वाचन मागच्यापेक्षा कमी आलं तर घाबरू नका, दोनच शक्यता जास्त असतात. एक तर दोनपैकी एक फोटो चुकीचा वाचलाय, किंवा मीटर खरंच भरून पुन्हा शून्यापासून सुरू झालंय. पाच डायलचं मीटर ९९,९९९ नंतर ००,००० वर येतं, तेव्हा आजच्या वाचनात १,००,००० मिळवा आणि मग वजा करा, चार डायलच्या मीटरला १०,००० मिळवा. मागचं वाचन ९९,६४० आणि आजचं ००,२८५ असेल तर १,००,२८५ वजा ९९,६४०, म्हणजे ६४५. पण हे तेव्हाच, जेव्हा मागच्या फोटोत डावीकडचे काटे खरोखर ९ च्या पुढे, शून्याजवळ पोचलेले दिसतात. ४८ हजारावरचं मीटर एका महिन्यात फिरून शून्यावर येत नाही.

गुणक असेल तर तो वजाबाकीनंतर एकदाच लावा. टप्पा ३ मध्ये "दहाने गुणा" लिहिलेलं सापडलं असेल तर फरक ७० आला की युनिट ७००.

कंपनीच्या बिलाशी जुळवत असाल तर मागचं वाचन बिलावर खरं आहे की अंदाजाने टाकलंय ते बघा, अंदाजाचं असेल तर तसं बिलावर लिहिलेलं असतं. तुमच्या खऱ्या फोटोच्या आकड्यातून अंदाजाचा आकडा वजा करून आलेले युनिट एका महिन्याचे नसतात, त्यात मागच्या अंदाजाची चूकही आलेली असते. अशा वेळी तुमच्याकडचे दोन फोटो एकमेकांतून वजा करा, तो तुमचा खरा वापर.

### आकडा पटतो का

७०५ युनिट, ३१ दिवस, म्हणजे दिवसाला साधारण २३. अमेरिकेत एका घराचा सरासरी वापर महिन्याला ९०० युनिटच्या आसपास असतो, त्यामुळे दोन माणसांच्या बेसमेंटला इलेक्ट्रिक हीटर असेल तर ७०० पटण्यासारखे आहेत. ११,७०० नक्कीच नाहीत, आणि ७० असतील तर गुणक विसरलाय का ते बघा.

फोटोवर शंका घ्यायला जागाच ठेवायची नसेल तर चकतीने ताळा करा. मीटरच्या पट्टीवर के-एच नावाचा आकडा असतो, घरगुती मीटरवर बरेचदा ७.२, त्याचा अर्थ चकतीची एक फेरी म्हणजे ७.२ वॉट-अवर. बाकी सगळं बंद करून फक्त १५०० वॉटचा हीटर लावा आणि काळी खूण एकदा समोर आल्यापासून परत समोर येईपर्यंत मोबाइलवर वेळ मोजा:

```
सेकंद = ७.२ × ३६०० ÷ १५०० = साधारण १७
```

एकाऐवजी दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन दहाने भागलं तर आकडा जास्त भरवशाचा येतो. सतरा सेकंदांच्या जवळपास आलं तर मीटर ठीक चालतंय आणि प्रश्न वाचनाचाच आहे. आठ-नऊ सेकंदांत फेरी होत असेल तर आधी बघा की तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाचं वॉशर-ड्रायर किंवा पाण्याचा हीटर तर चालत नाहीये, सब-मीटरच्या वायरिंगमध्ये हे होतं. त्यासाठी तुमचा हीटर बंद करा आणि बघा, तरी चकती फिरत राहिली तर ती कोणासाठी फिरतेय हे घरमालकाला सोबत घेऊन शोधा.

### इंग्लंडमधल्यांसाठी

तिकडच्या काट्यांच्या मीटरवर बरेचदा एक डायल जास्त असतो, लाल रंगाचा किंवा १/१० लिहिलेला. तो युनिटचा दहावा भाग मोजतो, तो सोडून द्यायचा. तिकडे डावीकडून वाचायची पद्धत सांगतात, तीही चालते, पण तिच्यात एक पायरी जास्त असते: काटा बरोबर आकड्यावर असेल तर तो आकडा लिहून त्याच्याखाली रेघ मारायची, आणि सगळं लिहून झाल्यावर रेघेच्या आकड्याच्या उजवीकडे ९ आला असेल तर रेघेचा आकडा एकाने कमी करायचा. ही शेवटची पायरी लोक विसरतात, म्हणून मी तिकडच्या मित्रांनाही उजवीकडूनच वाचायला सांगतो, उत्तर तेच येतं. दिशा मात्र प्रत्येक डायलवर ० च्या कुठल्या बाजूला १ आहे ते बघूनच ठरवा.

### वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, पाच अंक, आणि ज्या अंकाला शंका आली त्याच्यापुढे ती कशी सोडवली ते एका ओळीत, उदाहरणार्थ "शतक ९ वर, दशक ०, म्हणून ९". घरमालकाला पाठवायच्या मेसेजमध्येही हीच ओळ आणि दोन्ही महिन्यांचे फोटो टाका, मग तोही त्याच काट्याकडे बघून हो किंवा नाही सांगेल.